उसन्या कोटाची भरपाई

माझ्या लग्नात मी जो कोट घातला होता तो माझा नव्हता. त्या काळी यात विशेष काही नव्हतं. नवरदेवाची टोपी मामाची, बूट मित्राचे आणि कोट कुणातरी बऱ्या परिस्थितीतल्या माणसाचा, अशी लग्नं आमच्याकडे सर्रास व्हायची. माझा कोट निपाणीच्या आप्पांचा होता.

आप्पा तंबाखूचे व्यापारी. जैन. माझे वडील त्यांच्या वखारीत दिवाणजी होते आणि वखारीच्या मागच्या दोन खोल्यांत माझं लहानपण गेलं. आईवडील लवकर गेल्यावर आप्पांनी आणि त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, मला मॅट्रिकपर्यंत कधी उपाशी राहू दिलं नाही. पुढं मी बेळगावला एका वकिलांकडे कारकून म्हणून लागलो. लग्न ठरलं गुंजीच्या शाळामास्तरांच्या मुलीशी. मार्गशीर्षातलं लग्न, आणि गुंजी म्हणजे जंगलाच्या अंगाला, सकाळी दहापर्यंत धुकं हटत नाही. आप्पांनी आपणहून कोट काढून दिला. "अरं, तिथं गारठून मरशील. हे घे. माज्या अंगाचा हाय, ढगळ व्हईल, पर ऊब तर हाय न्हवं?"

दाट लोकरीचा, तपकिरी, त्यावर गडद चौकड्या. आप्पा भरभक्कम आणि मी पापडासारखा. खांदे कोपराकडे उतरलेले आणि बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा बायकोनं पहिल्यांदा मला नव्हे, तो कोटच पाहिला, असं ती पुढं आयुष्यभर सांगत आली. गाडीतून उतरताना कोट आधी खाली आला आणि मागून मी, हेही तीच सांगायची. मी चिडायचो. पण कोट उबदार होता यात शंका नाही.

आता खरी गोष्ट. उसनी वस्तू जशी आणली तशी परत द्यायची नाही, हे आमच्या घरचं वळण. शेजारचं पातेलं आणलं तर त्यात वाटीभर काहीतरी घालून परत जायचं. छत्री आणली तर पुसून, वाळवून, बंद बांधून. आई गेली तरी तिचं हे शिक्षण अंगात मुरलेलं होतं. त्या कोटाला झालं काहीच नव्हतं. एका बाहीच्या कडेला हळदीचा पुसटसा ठिपका होता, तोही शोधावा लागे. पण आप्पांचा कोट न धुता कसा न्यायचा? आणि लोकरीला पाणी लागू द्यायचं नाही एवढं मलाही कळत होतं. म्हणून मी ऐटीत कँपात, बेळगावच्या लष्करी छावणीत, गेलो आणि कोट ड्रायक्लीनरकडे टाकला.

कँपातलं ते दुकान साहेबांच्या कपड्यांचं. काचेचं दार, इंग्रजी पाटी, आत पितळी दांडीवर टांगलेले लष्करी अंगरखे. मालक आपलाच, मराठी माणूस. वडिलांपासून पलटणीचे कपडे करत आलेला. त्यानं कोट उलटापालटा करून पाहिला, आतल्या पट्टीला नंबराची चिंधी टाचली आणि पावती दिली. पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरात अटी छापलेल्या होत्या. मी वकिलाचा कारकून असून त्या वाचल्या नाहीत. वकिलाचे कारकून दुसऱ्याच्याच अटी वाचतात.

आठवड्यानं कोट आणायला गेलो. कागदात गुंडाळून, सुतळी बांधून तयार होता. घरी येऊन सोडला, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. कोट आखडला होता. कापड मऊ पडायचं सोडून घट्ट, जाड, घोंगड्यासारखं झालेलं. आतलं अस्तर मात्र होतं तेवढंच राहिलेलं, त्यामुळे ते खालून बोटभर बाहेर डोकावत होतं. मी अंगात घालून पाहिला. बाह्या मनगटाच्या वर आणि पुढची बटणं लागेनात. आप्पांचा कोट आता मलाही होत नव्हता.

बायको लग्न होऊन आलेली, नवी, अजून माझ्याशी मोजकंच बोलायची. तिनं कोट नाकाशी नेला. "याला साबणाचा वास येतोय," ती म्हणाली. "आमच्या गुंजीच्या ठेसनमास्तरांचा कोट बेळगावहून धुऊन यायचा, त्याला घासलेटासारखा वास असायचा. अगदी दोन दिवस. हा तर पाण्यात धुतलाय."

ती बरोबर होती. कोरड्या धुलाईत कापड पेट्रोलसारख्या स्पिरिटात धुतात, त्यात लोकर आखडत नाही. लोकर आखडते ती गरम पाण्यानं आणि चोळण्यानं. मी त्याच संध्याकाळी दुकानात गेलो तर मालक म्हणाला, कोट आला तेव्हाच एवढा होता. माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी पत्र लिहायला बसलो.

त्या पत्राचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. दिवसभर कोर्टाच्या नोटिसा लिहिणारा माझा हात, तो घरच्या कागदावरही तसाच चालला. "आपणांस या पत्राने नोटीस देण्यात येते ती अशी की, आमचे मालकीचा लोकरी कोट आपले दुकानी कोरड्या धुलाईस दिला असता, आपण तो पाण्यात घालून कायमचा निकामी केला. दुकान नुकसानीस जबाबदार नाही, ही आपले पावतीवरील अट कोरड्या धुलाईतील नुकसानीस लागू आहे. आपण कोरडी धुलाई केलीच नसल्याने सदर अटीचा आधार आपणांस घेता येत नाही. सबब कोटाची पूर्ण किंमत पत्र पावताच द्यावी, न दिल्यास पुढील इलाज करणे भाग पडेल." हा अटीचा मुद्दा मला पत्र लिहिता लिहिता सुचला होता आणि आजही तो मला बरोबर वाटतो. मी बायकोला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आमचे मालकीचा?"

"नोटिशीत तसंच लिहितात," मी म्हणालो.

मी पत्र टपालात टाकलं.

उत्तर आलं, दुकानाच्या छापील कागदावर, चार ओळींचं. कोट आमच्याकडे आला तेव्हा आखूडच होता. तो तुमचाच होता हे कशावरून? आतल्या गळपट्टीवर शिंप्यानं लाल दोऱ्यानं काढलेली अक्षरं तुमच्या नावाची नाहीत. ज्याचा कोट असेल त्यानं लिहावं, आणि कोट पूर्वी मोठा होता याला काही पुरावा असल्यास दाखवावा.

मी ते वाचलं आणि खुर्चीत बसून राहिलो. आप्पांची अक्षरं. निपाणीच्या शिंप्यानं कोट शिवून देताना काढलेली. मी तो कोट इतक्यांदा हाताळला आणि गळपट्टीकडे पाहिलंच नाही. ड्रायक्लीनरनं नंबर टाचताना पाहिली असणार. त्याचं कामच ते.

मला खरी भीती भरपाईची नव्हती. आप्पांची होती. माझं जगात वडीलधारं म्हणावं असं एकच घर उरलं होतं, आणि त्या घरातून विश्वासानं दिलेली वस्तू मी नासवून बसलो होतो. माझा बेत साधा होता. भरपाई घ्यायची, तसंच कापड आणायचं, नवा कोट शिवून आप्पांना नेऊन द्यायचा, आणि मग काय ते सांगायचं. तोवर निपाणीला फिरकायचंच नाही. आता तो बेत फसला होता, कारण पुरावा कुठं असेल तर तो आप्पांच्या घरी. तरी मी दुसऱ्या नोटिशीचा मसुदा करायला घेतला. पहिलीपेक्षा जास्त कडक.

बायको चुलीपाशी होती. ती पदराला हात पुसत आली आणि माझ्यासमोर बसली. लग्नानंतर ती पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलली ती त्या दिवशी.

"तुम्ही पत्र चुकीच्या माणसाला लिहिताय," ती म्हणाली. "आधी आप्पांना सांगायला हवं. ड्रायक्लीनरनं पैसे दिले काय, न दिले काय, कोट आप्पांचा गेलाय. आणि त्यांना अजून ठाऊकसुद्धा नाही."

"भरपाई मिळाल्यावर सांगू की."

"आणि नाहीच मिळाली तर? मग कधीच जायचं नाही निपाणीला?"

वकिलांकडे इतकी वर्षं काढून मी एवढंच शिकलो होतो की उत्तर नसलं की चष्मा पुसायचा. मी चष्मा पुसला. त्या बाईच्या धिटाईचं मला त्या क्षणी जे कौतुक वाटलं ते मी तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितो. सासरी येऊन दोन महिने न झालेली मुलगी, अनोळखी माणसाच्या घरी जाऊन तुमचा कोट आम्ही घालवला असं सांगायला ती निघाली होती, आणि मी घरचा असून लपत होतो.

रविवारी निघालो. युद्धाचे दिवस, पेट्रोल कुपनावर, त्यामुळे आमची बस कोळशाच्या गॅसवर चाले. मागं भट्टीचं पिंप बसवलेलं. चढ आला की उतारू खाली उतरत. कोट बायकोच्या मांडीवर, जुन्या धोतरात बांधलेला. वाटेत ती एकदाच बोलली. "पेट्रोल बसला मिळत नाही, मग त्या ड्रायक्लीनरला कुठून मिळत असेल?" मी त्या वेळी फारसं लक्ष दिलं नाही. मी पहिलं वाक्य काय बोलायचं ते घोकत होतो.

ते वाक्य कामी आलंच नाही. आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. बायकोनं वाकून नमस्कार केला, गाठोडं सोडलं आणि कोट त्यांच्यापुढं पसरला. "आप्पा, आम्ही धुवायला दिला आणि आखडला," ती म्हणाली. एवढंच.

आप्पांनी कोट उचलला. एका बाहीत हात घातला, तो कोपरापर्यंत जाऊन अडला. मी खाली बघत होतो.

"धुवायला कशापायी दिलतास?" त्यांनी विचारलं. "घाण झालता व्हय?"

"नाही आप्पा. पण तसाच कसा परत करायचा?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "आयशीचं वळण," ते आक्कांना म्हणाले. "तिच्याकडनं वाटी कधी रिकामी आली न्हाय, आठवतंय?" आक्का मान हलवून आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. रागावण्याचा प्रसंग असा निघून गेला. मला रडू आलं, आणि मी ते खोकल्यावर घालवलं.

मग मी सगळं सांगितलं. पत्र, उत्तर, गळपट्टीवरची अक्षरं, पुराव्याचा प्रश्न. आमचे मालकीचा, हेही सांगावं लागलं. आप्पा व्यापारी, त्यांना हकिकतीत रस आला. "कोट मोठा हुता ह्याला पुरावा मागतोय? माझं अंगच पुरावा हाय की."

"ते कोर्टात चालायचं नाही आप्पा. माणूस जाड होतो, बारीक होतो."

यावर आक्का उठल्या. आमच्या भागात तेव्हा शिंपी घरी बसून शिवायचा. मशीन डोक्यावर घेऊन यायचा, दोनचार दिवस सोप्यात ठाण मांडायचा, आणि शिलाई झाली की कापडाची जेवढी म्हणून कात्रणं निघतील तेवढी मालकिणीपुढं ठेवायचा. कापड मारलं असा बोल येऊ नये म्हणून. बहुतेक घरी त्यांच्या वाकळी व्हायच्या. पण लोकरीचं कात्रण आक्कांनी ठेवून दिलं होतं, कुठं कोटाला भोक पडलं तर लावायला. कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं, पाण्याचं बोटसुद्धा न लागलेलं. त्यांनी ते आणून कोटाशेजारी टाकलं.

तेच कापड. तोच तपकिरी रंग, त्याच चौकड्या. बायको एकदम पुढं वाकली. तिनं कात्रण कोटाच्या पाठीवर सपाट पसरलं, कडा जुळवल्या आणि बोटानं मोजायला लागली. कात्रणावरच्या पाच चौकड्या जेवढ्या जागेत, तेवढ्याच जागेत कोटावरच्या सहा. तिनं आडव्या मोजल्या, उभ्या मोजल्या. मग सगळ्यांनी मोजल्या. आप्पांनी तर दोनदा. कोटाचं माप चुकवता येतं, अंगाचं सांगता येत नाही, पण कापडावरच्या चौकड्या एकाच मागावर विणलेल्या. त्या लहान झाल्या म्हणजे कापडच आटलं, याला कुठलाच वकील काही म्हणू शकला नसता. मी तरी म्हणू शकलो नसतो.

"आता लिही," आप्पा म्हणाले. "मी सांगतो, तू लिही. सही माझी."

मी कागद घेतला. पण आप्पा सांगेनात. ते कोटाकडे बघत होते. मग म्हणाले, "तुज्या नोटिशीत तू लिवलंस कोट तुजा हाय म्हणून. आता मी लिवणार कोट माजा हाय. म्हंजे तू खोटा ठरतोस. वकिलाच्या कारकुनाला खोटं ठरणं परवडंल?"

मी म्हणालो, ठरलो तर ठरलो.

"थांब जरा." त्यांनी आक्कांना आवाज दिला. "अगं, कुंकवाचा करंडा आन. आनि एक नारळ."

काय चाललंय ते मला कळेना. आक्कांनी पाट मांडला, आम्हा दोघांना बसवलं, कुंकू लावलं. आप्पांनी तो आखडलेला कोट घडी घालून, वर नारळ ठेवून, दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत दिला. "लग्नाला माज्याच्यानं येणं झालं न्हाय. अहेर ऱ्हायला हुता. ह्यो घे. आता कोट तुजा. आता खोटं न्हाय."

बायकोनं पुन्हा वाकून नमस्कार केला.

मी म्हणालो, मग लिहितो की लग्नात अहेर दिला. आप्पांनी हात आडवा केला. "लग्नात कुठं दिलता? आज दिला. आज दिला असंच लिव. धुवायला टाकला तवा माजा हुता, माज्या राजीखुशीनं त्यानं न्हेलता, तेबी लिव." आप्पांच्या त्या आखीव खरेपणापुढं माझी नोटीस किती पोकळ होती हे मला तिथं कळलं. त्यांना मला वाचवायचं होतं, पण त्यासाठी ते एक अक्षर खोटं लिहिणार नव्हते. म्हणून त्यांनी खोटं खरं करून घेतलं होतं.

पत्र असं झालं. "आपल्या दुकानी आलेला चौकड्यांचा कोट त्या वेळी आमचा होता. या मुलानं आमच्या राजीखुशीनं नेला होता. आज तो आम्ही त्याच्या लग्नाबद्दल अहेर दिला असून कोट त्याचा आहे, त्याची जी भरपाई होईल ती त्यालाच द्यावी. आमचं काही मागणं नाही. सोबत त्याच कापडाचं कात्रण धाडलं आहे. कोटाशेजारी ठेवून चौकड्या मोजाव्यात. आपण धंद्यातले आहात, आम्ही आणखी काय सांगावं. कात्रण परत करावं." खाली मोडीत सही. ना नोटीस, ना सबब, ना पुढील इलाज.

सोमवारी कचेरी सुटल्यावर आम्ही दोघं कँपात गेलो. बायको येतेच म्हणाली. मालकानं पत्र उभ्यानं वाचलं. मग पुन्हा, बसून. कोट आणि कात्रण टेबलावर घेतलं, दिवा जवळ ओढला आणि बोटानं मोजत गेला. मोजून झाल्यावर त्यानं खालून डोकावणारं अस्तर चिमटीत धरलं आणि सोडून दिलं.

"मलाही ठाऊक होतं की ओ," तो म्हणाला. "पण काय करायचं. पेट्रोल कुपनावर. आहे ते पलटणीच्या कपड्यांना पुरत नाही. रिठ्याच्या पाण्यात, कोमट पाण्यात केला. पोरानं पाणी जास्त तापवलं. साबणही घातला म्हणं." त्यानं दिवा मागं सरकवला. "खरं तर कोट तेव्हाच परत करायला हवा होता, पेट्रोल नाही, होत नाही असं सांगून. पण दुकान बंद पडलं असं लोकांना वाटायला नको, म्हणून घेतला."

बायको म्हणाली, "बसलासुद्धा पेट्रोल मिळत नाही. आम्ही रविवारी कोळशाच्या गाडीनं गेलो निपाणीला."

"एवढ्यासाठी?"

"हो."

पावतीच्या पाठीवरची अट त्याच्या बाजूनं होती, असं तो म्हणू शकला असता. माझी दुसरी नोटीस गेली असती तर त्यानं तेच म्हटलं असतं आणि आम्ही वर्षभर भांडत बसलो असतो. त्या दिवशी त्यानं अटीचं नावही काढलं नाही. सगळी रक्कम एकदम देता येणार नाही, तीन हप्त्यांत देतो म्हणाला, आणि तीनही हप्ते वेळेवर दिले. शेवटचा हप्ता द्यायला तर तो स्वतः घरी आला. कात्रण त्यानं कागदात गुंडाळून, सुतळी बांधून परत केलं होतं. माणूस वाईट नव्हता, अडचणीत होता. मी मात्र त्याला पत्रात चोरच ठरवून बसलो होतो.

आखडलेला कोट बायकोला अगदी बरोबर झाला. तिनं अस्तर उसवून आत घेतलं, बटणं सरकवली आणि थंडीच्या दिवसांत पहाटे पाणी भरायला ती तो नऊवारीवर चढवून जाऊ लागली. गल्लीत हसले. ती म्हणाली, अहेराचा आहे.

भरपाई मी आप्पांना न्यायला निघालो तर बायकोनं अडवलं. "ते घेतील का? कोट तुमचा, भरपाई तुमची, असं त्यांनी सहीनिशी लिहिलंय." तिनं रक्कम डब्यात घालून ठेवली आणि तिला हात लावू दिला नाही. कशाला ते मला त्या वेळी सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात आप्पा कोर्टाच्या कामासाठी बेळगावला आले. सकाळी आठ वाजता, हवेत चांगलाच गारठा. आमच्या दारात उभे राहिले ते कांबळं पांघरून. बाकीचे व्यापारी कोटात, गळ्याला मफलर, आणि आप्पा वखारीतल्या हमालासारखे कांबळ्यात. मी विचारलं, दुसरा कोट नाही घातला? ते म्हणाले, "औंदा थंडी लई न्हाय." मी पाहिलं, त्यांचे हात गारठून लाल झाले होते.

तेव्हा मला समजलं की दुसरा कोट नव्हताच. युद्धात लोकरीचं कापड सोन्याच्या भावानं झालेलं, आणि त्या साली तंबाखूचा भावही पडलेला. त्यांच्याकडे एकच होता. तो त्यांनी आधी माझ्या थंडीसाठी दिला आणि नंतर माझ्या एका शब्दासाठी. मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोकडे नुसतं बघितलं. ती पोळी लाटत होती. न वळताच म्हणाली, "माहीत आहे. माघात त्यांच्या मुलीचं लग्न आहे ना?"

डब्यातल्या रकमेत कापड जेमतेम आलं, शिलाई आम्ही घातली. बेळगावच्या पेठेत हिंडून तिनंच निवडलं. चौकड्या नव्हत्या, साधं करडं. शिवायला मात्र निपाणीच्या त्याच शिंप्याकडे गुपचूप दिलं, कारण आप्पांचं माप त्याच्या हाताला पाठ होतं. त्यानं गळपट्टीवर लाल दोऱ्यानं तीच अक्षरं काढली. आणि कात्रणं परत केली, सगळी.

लग्नात अहेराची वेळ आली तेव्हा मांडव भरलेला होता. बायको पुढं झाली. तिनं आक्कांना खण दिला, आणि कोट घडी घालून, वर नारळ ठेवून, आप्पांपुढं धरला. आप्पांनी कोट ओळखला नाही, पण ती काय करते आहे ते ओळखलं. "हे काय गं पोरी? न्हाई, न्हाई."

"आप्पा, अहेर परत करत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही दिला तेव्हा आम्ही घेतला."

भरल्या मांडवात आप्पांना नाही म्हणता येईना. ज्या वाटेनं त्यांनी मला अडकवलं होतं त्याच वाटेनं तिनं त्यांना गाठलं होतं. त्यांनी कोट घेतला, तिथल्या तिथं अंगात घातला आणि बटणं लावली. सगळी लागली. मग खिशात हात घातला तर कात्रणांची पुडी लागली. ती बाहेर काढून ते बराच वेळ हातात धरून उभे होते. पुढचे पाहुणे खोळंबले तेव्हा आक्कांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

आप्पांनी तो करडा कोट पुष्कळ वर्षं वापरला. एकदा आम्ही निपाणीला गेलो असताना वखारीतला एक पोरगा संकोचत सोप्यात आला. त्याचं लग्न होतं, चिकोडीकडं, आणि दिवस थंडीचे. पुढं काय होणार ते मला कळलं. आप्पा आत गेले, खुंटीवरचा कोट काढून आणला, झटकला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. पोरगा म्हणाला, लग्न झालं की लगेच आणून देतो.

"लगेच न्हाई, थंडी सरल्यावर दे," आप्पा म्हणाले. मग माझ्या बायकोकडं एकवार पाहून त्यांनी पोराच्या छातीवर बोट ठेवलं. "पर एक ध्येनात ठेव. जसा न्हेशील तसाच आण. धुऊन आणलास तर घेणार न्हाय."